लसीनंतरची पहिली रात्र : कार्डावरच्या एका चिठ्ठीचं प्रकरण

जुलै संपताना मी टिकलर बॅग रिकामी करायला बसते. उपकेंद्राच्या भिंतीवर टांगलेली ही कापडी पिशवी, प्रत्येक महिन्याला एक कप्पा. बाळाला लस दिली की माता-बाल संरक्षण कार्ड आई घरी नेते आणि त्याचा फाडून घेतलेला भाग पुढच्या डोसच्या महिन्याच्या कप्प्यात जातो. महिनाअखेर कप्प्यात जे कागद उरतात, ती बाळं आलेली नाहीत. त्या दिवशी तीन उरले होते. दोघांचा पत्ता आशाताईंनी तासाभरात लावला. तिसरा कागद २ मे रोजी जन्मलेल्या मुलीचा होता. तिची आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आमच्या गावात आली होती. पेंटा, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, तिचा पहिला डोस १८ जूनला आमच्याकडे झाला, दुसरा १६ जुलैला व्हायचा होता. त्याआधीच आई बाळाला घेऊन पिंपरीकडे सासरी गेली होती.

फोन सासूबाईंनी उचलला. म्हणाल्या, "मॅडम, आम्ही आता सुई देणार नाही. पहिल्या सुईला पोरगी मरता मरता वाचली."

मला धक्का बसला, कारण १९ जूनच्या सकाळी मी त्या बाळाला स्वतः पाहिलं होतं. ते अंगावर पीत होतं, हातपाय हलवत होतं. माझ्या वहीत नोंद होती, 'ताप ९९.४, बाळ ठीक'. एकाच रात्रीच्या या दोन नोंदी. त्या रात्री नेमकं काय झालं ते मी त्या आठवड्यात त्यांच्या माहेरच्या घरी बसून तासातासानं विचारून घेतलं.

१८ जूनला बुधवारचं सत्र होतं, तेवीस मुलं. या बाळाला पावणेबाराच्या सुमारास लस दिली. वजन ४.२ किलो. पोलिओचे दोन थेंब आणि रोटाव्हायरसची लस तोंडातून, डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत न्यूमोकोकल आणि उजव्या दंडावर पोलिओची त्वचेतली सुई. सहा आठवड्यांच्या बाळाला एका वेळी तीन सुया टोचतात, तेव्हा आईचाच जीव गोळा होतो. अर्धा तास त्यांना थांबवलं. तीव्र अ‍ॅलर्जी आली तर बहुधा त्याच वेळात येते आणि तिचं इंजेक्शन आमच्या किटमध्ये असतं. मग कोणत्या लसी दिल्या ते सांगून मी म्हटलं, "थोडा ताप येईल, रडेल, घाबरू नका. ताप आला तर पॅरासिटामॉल अर्धा चमचा. पुढची तारीख १६ जुलै, कार्ड जपून ठेवा." प्रत्येक सत्राला हेच सांगावं असं आम्हाला शिकवलेलं आहे : कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुन्हा कधी यायचं, कार्ड सांभाळा. मी चारही गोष्टी बोलले. त्यातली फक्त तारीख कागदावर उतरली.

घरी संध्याकाळी सहाला बाळ रडायला लागलं. साधं रडणं नव्हे, एका सुरात, ताठ होऊन, उंच किंकाळीसारखं. अंगावर घेतलं तर दोन घोट घेऊन सोडायचं. डाव्या मांडीला हात लागला की आवाज आणखी चढायचा. साडेसातला अंग तापलेलं वाटलं. घरात थर्मामीटर नव्हता. बाळंतिणीची खोली बंद, कोपऱ्यात शेगडी, ओव्या-शेपाची धुरी दिलेली, बाळाच्या अंगावर टोपडं आणि दोन दुपटी. आजीनं वारं लागू नये म्हणून तिसरं दुपटं गुंडाळलं. मामा गावातल्या मेडिकलमध्ये जाऊन पॅरासिटामॉल घेऊन आला. साडेआठला अर्धा चमचा पाजलं. रडणं चालूच. शेजारच्या बाई येऊन म्हणाल्या, सुई नसेवर बसली. कुणीतरी दुखऱ्या मांडीला तव्यावर तापवलेल्या फडक्यानं शेक दिला. पावणेदहाला बाळ एकाएकी शांत झालं आणि झोपलं. सासूबाई म्हणतात ते 'मरता मरता' म्हणजे हीच वेळ : पावणेचार तास आक्रोश आणि मग अचानक शांतता. आजी रात्रभर बाळाच्या नाकापाशी बोट धरून बसली होती.

आता यातलं अपेक्षित काय आणि घातक काय, ते एकेक पाहू.

पेंटामधला डांग्या खोकल्याचा भाग संपूर्ण मृत जंतूपासून बनवलेला असतो. त्या जंतूचे सगळे घटक त्यात असतात, म्हणून शरीर जोरात प्रतिसाद देतं. साधारण निम्म्या बाळांना ताप येतो किंवा मांडी सुजते, दुखते. खासगी दवाखान्यात मिळणाऱ्या 'बिनतापाच्या' लसीत त्या जंतूचे निवडक, शुद्ध केलेले तुकडेच असतात, म्हणून त्रास कमी. मात्र तिचं संरक्षण लवकर ओसरतं. सरकारी सुई वाईट म्हणून ताप येतो, हा समज मी दर बुधवारी ऐकते, आणि त्याला पुरेसं उत्तर आम्ही सत्रात देत नाही.

तीन तासांहून अधिक न थांबता रडणं हाही याच लसीचा ओळखीचा परिणाम आहे. शेकड्यात एखाद-दुसऱ्या बाळाला होतो, बहुतेक वेळा पहिल्या डोसला आणि त्याच दिवशी. तो आपोआप थांबतो, मागे काही ठेवत नाही, आणि पुढचा डोस टाळायचं ते कारण नाही. म्हणजे घरच्यांनी पाहिलेली गोष्ट खरी होती आणि मी 'रडेल' या एका शब्दात ती उरकली होती. रडणं अर्धा तासाचंही असतं आणि चार तासांचंही. आईला ते आधी ठाऊक नसेल, तर चौथ्या तासाला तिला मरणच दिसणार.

पण म्हणून घरी बसून राहणंही बरोबर नव्हतं. तीन तास झाले की बाळ डॉक्टरांनी पाहायलाच हवं, कारण एवढं रडण्याची दुसरीही कारणं असतात. या वयात आतडं आतड्यात शिरण्याचा आजार होऊ शकतो, आणि गेल्या आठवड्याभरात रोटाव्हायरसची लस झालेली असेल तर तो विशेष लक्षात ठेवावा लागतो. त्यातलं रडणं वेगळं असतं. बाळ पाय पोटाशी ओढून कळवळतं, मग काही मिनिटं गप्प, मलूल, मग पुन्हा तीच कळ. सोबत उलट्या, पुढे शौचात रक्त किंवा लालसर आव. या बाळाचं रडणं सलग होतं, उलटी नव्हती, मांडीला हात लावल्यावर वाढत होतं. हा फरक मला दुसऱ्या दिवशी कळला. त्या रात्री घरात कुणाला कळायचा मार्ग नव्हता.

अचानक शांत होण्याचंही तसंच. दमून झोपलेलं बाळ गुलाबी असतं, हात उचलला तर किंचित आखडतं, ओठाला बोट लावलं तर चोखू बघतं. याच लसीनंतर क्वचित एखादं बाळ पहिल्या दोन दिवसांत पांढरंफटक किंवा निळसर पडतं, चिंधीसारखं लुळं होतं, हाकेला प्रतिसाद देत नाही. त्यातूनही बाळं बरी होतात, पण तिथे क्षणभरही थांबायचं नसतं. आजी नाकापाशी बोट धरून बसली. श्वास चालू आहे एवढंच तिला समजलं. रंग आणि अंगातला जोर पाहायचा, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिची रात्र वेगळी गेली असती.

त्या घरातली खरी धोक्याची गोष्ट मात्र वेगळीच निघाली, आणि ती माझ्याकडून झाली होती. १९ जूनच्या सकाळी मी औषधाची बाटली पाहायला मागितली होती. लहानशी, ड्रॉपरची. लेबलवर 'प्रति १ मिली १०० मिग्रॅ'. आमच्या केंद्रातलं सिरप 'प्रति ५ मिली १२५ मिग्रॅ' असतं. सत्राच्या दिवशी ते संपलं होतं, म्हणून मी मेडिकलमधून आणायला सांगितलं होतं, आणि जिभेवरच्या सवयीनं 'अर्धा चमचा' म्हणून गेले होते. ४.२ किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिग्रॅ धरून साधारण ६० मिग्रॅ लागतं. ते सिरपमध्ये अडीच मिली, म्हणजे अर्धा चमचा. थेंबांच्या बाटलीत ते जेमतेम ०.६ मिली. आजीनं ड्रॉपर बाजूला ठेवून चमच्यानं अडीच मिली पाजलं होतं, म्हणजे अडीचशे मिलिग्रॅम, चौपट. तिनं मी सांगितलेलं तंतोतंत केलं होतं.

एकदाच दिलं गेलं म्हणून निभावलं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी बाळाला आणून घेतलं, तपासलं, पुढचे चोवीस तास पॅरासिटामॉल बंद ठेवायला सांगितलं आणि संध्याकाळी पुन्हा पाहिलं. बाळ सुखरूप होतं. पण दर सहा तासांनी तेच माप दिवसभर दिलं गेलं असतं, तर यकृताला इजा होण्याइतकं औषध पोटात गेलं असतं. आणि माझ्या वहीत मी फक्त 'बाळ ठीक' लिहिलं. घरच्यांनी तो सगळा प्रवास, डॉक्टरांचा चेहरा, दोनदा तपासणं, एकाच गोष्टीच्या खाती जमा केलं : सुई.

आणखी एक गोष्ट सासूबाईंच्या बोलण्यात आली. "दंडावर सुई पिकली होती, पू आला." तो डावा दंड होता. आम्ही १८ जूनला डाव्या दंडाला हातही लावला नव्हता. ती जन्मावेळच्या बीसीजीची जागा होती. बीसीजीची पुळी टोचल्यानंतर दोन ते सहा आठवड्यांत वर येते, फुटते, खपली धरते आणि पुढे व्रण राहतो. लस लागू पडल्याची ती खूण, तिला काही लावायचं नसतं. पण ती फुटायची वेळ आणि सहा आठवड्यांच्या सुयांची वेळ नेमकी एकत्र येते. कुठल्या जागी कधीची सुई हे कागदावर नसेल, तर नव्या सुईवर जुनी पुळी लादली जाणारच. आजीनं त्यावर हळद दाबली होती. तीही सासरी 'सुई पिकल्याचा' पुरावा ठरली.

हे सगळं उलगडल्यावर मी एक चिठ्ठी लिहायला घेतली, कार्डाच्या आत टाचायची. पहिल्या मसुद्यात मी 'सौम्य ताप', '४८ तास', 'सतत रडणे' असं लिहिलं आणि आशाताईंना वाचायला दिलं. त्या म्हणाल्या, "बाई, अठ्ठेचाळीस तास कोण मोजणार? वार सांगा." तिथे चिठ्ठी सुधारली. आमचं सत्र बुधवारी असतं. पेंटाचा ताप बहुतेक त्याच रात्री चढतो आणि शुक्रवार दुपारपर्यंत उतरायला हवा. शुक्रवार दुपारनंतरही ताप असेल, किंवा मधे उतरून पुन्हा चढला, तर तो सुईच्या माथी मारायचा नाही. बाळाला दुसरं काही झालं असू शकतं. लसीनंतर उशिरा रुग्णालयात पोचलेली जी बाळं मी पाहिली, त्यांच्या घरी बहुतेक हेच झालं होतं. 'सुईचाच ताप आहे' म्हणत चार दिवस काढले होते.

शेवटी चिठ्ठी अशी झाली. कंसातल्या जागा आम्ही सत्रात पेननं भरतो.

"आज (बुधवार). डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोकोकल, उजव्या दंडावर पोलिओ. डाव्या दंडावरची पुळी जन्माच्या सुईची आहे, तिला काही लावू नका.

आज रात्री ताप येईल, मांडी दुखेल, बाळ जास्त रडेल. अंगावर पाजत राहा. एकच पातळ दुपटं ठेवा, शेगडी आणि धुरी बंद. मांडीवर गार पाण्याची ओली घडी ठेवा. शेक, लेप, चोळणं नको. मालिश करताना मांड्या दोन दिवस सोडा. आंघोळ चालेल.

ताप असेल तरच औषध. बाटलीवर हे लिहिलेलं पाहा : (५ मिलीत १२५). बाळाचं वजन (    ), माप (    ) मिली, दिलेल्या सिरिंजनं. सहा तासांच्या आत पुन्हा नाही. दुसरी बाटली आणली तर आधी फोन करा.

बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर ताप दिसताच त्याच दिवशी फोन करा, रात्र असली तरी.

(शुक्रवार) दुपारी ताप नसायला हवा. असेल तर दवाखान्यात या.

वाट न पाहता निघा, १०८ लावा : तीन तास रडणं थांबत नाही. बाळ पीत नाही. पांढरं, निळं किंवा लुळं पडलं. झटके आले. श्वासाला त्रास, अंगावर गांधी, तोंड सुजलं. राहून राहून पाय पोटाशी ओढून रडतं, उलट्या होतात, शौचात रक्त दिसतं. ताप १०२च्या वर.

मांडीत गाठ राहिली तर ती काही आठवड्यांत विरते. लाल, गरम होऊन वाढत असेल किंवा पू दिसला तर दाखवा."

ही चिठ्ठी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या डोसांसाठीच आहे. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेला लसीला ती चालत नाही, कारण तिचा ताप आणि पुरळ सहसा सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतं. तिथे 'शुक्रवार दुपार' लिहिलं तर आईची दिशाभूल होईल. त्या लसीची चिठ्ठी आम्ही वेगळ्या रंगाच्या कागदावर काढली.

दोन महिन्यांखालच्या बाळाची ओळ मी मुद्दाम वेगळी ठेवली. मोठ्या बाळाचा साधा ताप घरी सांभाळता येतो, पण इतक्या लहान बाळात गंभीर जंतुसंसर्गही नुसत्या तापानंच सुरू होतो आणि घरच्यांना तो वेगळा ओळखता येत नाही. लसीच्या रात्रीचा ताप बहुतेक लसीचाच असतो. तरी 'बहुतेक'वर आईला एकटं सोडू नये. फोनवर आम्ही आधी विचारतो, पितंय का, हाक मारली की डोळे उघडतं का, ताप सुईच्या आधीपासून होता का. एकाचंही उत्तर चुकलं तर बोलावून घेतो.

हे घेऊन मी पुन्हा सासरी फोन केला. या वेळी सुनेला बोलायला द्या म्हटलं, आणि स्पीकर चालू ठेवायला सांगितलं. आधी औषधाच्या मापाची चूक माझी होती हे सांगितलं. सासूबाई गप्प झाल्या. मग मी विचारलं, "ताई, रडताना बाळ तुमच्याकडे बघत होतं का?" म्हणाली, "हो, बघत होतं, मांडीला हात लावला की किंचाळायचं." "झोपल्यावर ओठ कसे होते?" "गुलाबी. मी मोबाइलच्या टॉर्चनं पाहिलं होतं." तिनं पाहिलं होतं. त्याचा अर्थ काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कार्ड माहेरी ट्रंकेतच राहिलं होतं. मामानं त्याचा फोटो पाठवला आणि मूळ कार्ड एसटीनं जाणाऱ्या नातेवाइकाकडे दिलं. आमच्याकडे निम्मी पहिलटकर माहेरी बाळंत होते आणि दीड-तीन महिन्यांत सासरी जाते, नेमकी लसींच्या मधोमध. म्हणून आता पहिल्या पेंटालाच आम्ही सासरचा पत्ता आणि तिथला नंबर घेतो. त्यांच्या भागातल्या नागरी आरोग्य केंद्राच्या सिस्टरना मी फोनवर सगळी हकीकत दिली. तिथल्या डॉक्टरांनी बाळ तपासून दुसरा डोस द्यायला हरकत नाही असं सांगितलं. पहिला डोस वाया गेला, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, असं काही नसतं. दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर हवं. जास्त झालं तर थांबलो तिथून पुढे चालायचं.

१३ ऑगस्टला, बुधवारीच, लस झाली. चिठ्ठीतली बाटलीवरची ओळ सिस्टरनी स्वतः भरली, नव्या वजनानुसार. त्या संध्याकाळी साडेआठला आईचा फोन आला. ताप १००.६, बाळ कुरकुरतंय पण पितंय, औषध मापानं दिलं, शेगडी लावलेली नाही. मी म्हटलं, बरोबर चाललंय, पुन्हा रडू लागलं तर घड्याळ बघून ठेवा.

शुक्रवारी दुपारी दोनला तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर कार्डाचा फोटो पाठवला. चिठ्ठीच्या मोकळ्या कडेला पेन्सिलीनं तापाचे पाच आकडे लिहिले होते, शेवटचा ९८.२. त्याखाली सासूबाईंच्या हस्ताक्षरात पुढची तारीख होती, १० सप्टेंबर.